चाचणी लेखाला गुण देताना

कंटेंट रायटर नेमण्यापूर्वी उमेदवारांना एक चाचणी लेख लिहायला देतात. समजा, विषय आहे 'सातबारा ऑनलाइन कसा काढावा' आणि वाचक आहे गावी जमीन असलेला, शहरात नोकरी करणारा माणूस. संपादकापुढे दोन लेख आले. पहिल्याची भाषा ओघवती आहे. जमिनीचं महत्त्व त्यात छान रंगवलंय. दुसऱ्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका आहेत. पण महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीपुरता असतो, कायदेशीर कामासाठी १५ रुपये भरून डिजिटल सहीचा घ्यावा लागतो आणि गट क्रमांक आठवत नसेल तर नावानंही शोधता येतं, हे त्यात आहे.

घाईत वाचलं तर पहिला लेख बाजी मारतो. एक गुण डोळ्यांत भरला की बाकीचेही चांगलेच वाटू लागतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली या चुकीवर लिहिलं होतं. ती टाळायला लेखकांची नावं झाकावीत आणि आधी सगळ्या लेखांना फक्त उपयुक्ततेचे गुण द्यावेत. मग पुढचा निकष घ्यावा.

उपयुक्ततेची कसोटी सोपी आहे: हा लेख वाचून उतारा हातात येईल का? पहिल्याला पाचपैकी २, दुसऱ्याला ५.

स्वतंत्रपणा तपासणं जास्त अवघड. एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं की जसाच्या तसा उचललेला मजकूर सापडतो. शब्द बदलून उचललेला मात्र निसटतो. त्यासाठी लेखातल्या उपशीर्षकांचा क्रम याच विषयावरच्या आधीच्या लेखांशी ताडून पाहावा. पहिल्या लेखाचा क्रम तंतोतंत जुळला, म्हणून २, दुसऱ्याला ४.

सुराचे गुण देण्याआधी आपण उमेदवाराला नमुन्याचा लेख दिला होता का, हे आठवावं. तो दिला नसेल, तर हा निकष वगळणंच न्यायाचं. इथे दिला होता. पहिल्याला ४, दुसऱ्याला ३.

चौथा निकष अंदाजानं भरला जातो आणि तिथेच फसगत होते. लाल खुणा मोजून श्रम कळत नाहीत. घड्याळ लावून लेख खरोखर छापण्याजोगा करून पाहावा. दुसऱ्या लेखाचं शुद्धलेखन वीस मिनिटांत उरकलं. पहिल्यात खुणा मोजक्याच होत्या, पण संकेतस्थळ उघडून पायऱ्या तपासण्यात आणि दोन परिच्छेद नव्यानं लिहिण्यात तास उलटला. म्हणून त्याला २ आणि दुसऱ्याला ४. बेरीज झाली १० आणि १६.

सांगितलेली दुरुस्ती उमेदवार कशी करतो, हे मात्र या बेरजेत येत नाही. त्यासाठी निवडलेल्याला दोन-तीन शेरे लिहून लेख परत पाठवावा आणि या वेळेचेही पैसे द्यावेत. दुसरा खर्डा आला की दाखवलेल्या चुका सुधारल्यात का ते पाहावंच. शिवाय त्याच जातीच्या, न दाखवलेल्या चुकाही त्यानं शोधल्यात का, हे तपासावं.