‘काय मग, गोड बातमी कधी?’

बाळ पाळण्याच्या खालून-वरून दोघींच्या हातांतून फिरलं, आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीवर थापट्या पडल्या आणि घुगऱ्यांचे द्रोण फिरायला लागले. एवढ्यात मामींनी आपल्या भाचेसुनेकडे पाहिलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आता तुझा नंबर हं! किती वर्षं झाली गं लग्नाला?” मग नीट निरखून, “जरा अंग धरलंयस. की आहे काही?”

भाचेसुनेची चाचणी चार दिवसांपूर्वी नापास झाली होती. अंग धरलं होतं ते इंजेक्शनांनी.

मी कुटुंब-समुपदेशन करते. हे जोडपं माझ्याकडे आलं ते या बारशानंतर दोन आठवड्यांनी. त्यांची ओळख लागू नये म्हणून गाव आणि नाती थोडी बदलली आहेत. वजन, नोकरी आणि मूल या तिन्ही विषयांवरचे टोमणे सहसा वेगवेगळे सांगितले जातात, पण या मुलीच्या वाट्याला ते एकाच गाठोड्यात आले होते. ते कसे, हे आधी सांगते.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर डॉक्टर त्याला वंध्यत्व म्हणतात आणि दोघांच्याही तपासण्या करतात. तशा यांच्याही झाल्या. दोष शुक्राणूंच्या संख्येत निघाला. यात नवल काही नाही. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने असतंच. पण हे घरात कोण सांगणार? नवऱ्याने त्या वर्षीच्या गणपतीत, आईच्या बहिणींसमोर, हसत सांगून टाकलं, “आधी हिचं करिअर, मग बघू.” त्याला वाटलं, विषय मिटला. प्रत्यक्षात विषयाला पाय फुटले. वर्षभरात ‘नोकरीपायी मूल नको म्हणते’ ही तिची ख्याती झाली. मग तिला बढती मिळाली नाही तेव्हा ‘एवढं करून काय मिळवलंस’ हेही ऐकावं लागलं. पुढे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू झाले. त्यात बीजांडं वाढवायला दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात. पोट फुगतं, अंगावर सूज दिसते. गर्भ आत सोडल्यावर रक्ततपासणीपर्यंत साधारण दोन आठवडे नुसती वाट पाहायची असते. ते दोन आठवडे संपून निकाल ‘नाही’ आला आणि चौथ्या दिवशी बारसं.

अशा वेळी वर्तमानपत्री सल्ला असतो, चोख उत्तर द्या. फॉरवर्ड होणारे विनोदही त्याच जातीचे. “तुमचा नंबर कधी?” असं लग्नात विचारणाऱ्या आजींना दहाव्याच्या घाटावर तोच प्रश्न विचारावा, वगैरे. वाचताना मजा येते. प्रत्यक्षात तसं कुणी बोललं, की मामींनी काय विचारलं ते सगळे विसरतात आणि सून काय बोलली तेवढंच गावभर होतं. मी आजवर एकही जोडपं पाहिलं नाही, की ज्याचा प्रश्न खणखणीत उत्तराने सुटला. खुलासा केलात तर तो वेगळ्या तऱ्हेने अंगावर येतो. “उपचार चालू आहेत” म्हटलं, की कुठल्या डॉक्टरांकडे, आमच्या नणंदेच्या सुनेला अमक्याकडे गुण आला, अमुक देवीला जाऊन या. खुलासा हे सल्ल्याला दिलेलं आमंत्रणच असतं.

म्हणून खरं काम कार्यक्रमाच्या आधीच करायचं असतं, तेही घरी आणि दोघांनी मिळून. आम्ही पहिल्या बैठकीत एक कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, कुणाला काय माहीत असावं. तिच्या आईला सगळं. तिच्या एका मैत्रिणीला सगळं. सासूबाईंना उपचार चालू आहेत एवढं. दोष कुणाचा, ते नाही. बाकी कुणालाही काही नाही. ही यादी तोंडी ठेवली तर टिकत नाही, कारण प्रत्येकाच्या मनात ती वेगळी असते. याच बैठकीत नवऱ्याला पहिल्यांदा उमगलं, की त्याच्या त्या गणपतीतल्या एका वाक्याची किंमत बायको तीन वर्षं चुकवत होती. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग ठरलं, की त्याच्या माणसांना उत्तर तो देईल आणि तिच्या माणसांना ती. हे ऐकायला साधं वाटतं, पण आपल्याकडे प्रश्न विचारला जातो तो सुनेला. तेही बायकांत, जेव्हा नवरा बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत असतो. म्हणून त्याने आधी आईला फोन करायचा, असं ठरलं. पुढचा प्रसंग होता नवरात्रातलं कुळाचाराचं जेवण. त्याने आदल्या आठवड्यात फोन केला. “आई, मामी परत हिला विचारतील. हिला नको, मला विचारा असं तू त्यांना आधीच सांग.” आईचं पहिलं उत्तर अपेक्षित होतं, “वाईट काय विचारतात त्या? काळजीनेच विचारतात ना?” पण मग ती थोडं थांबली आणि म्हणाली, “मला काय कमी विचारतात का रे? दर लग्नात विचारतात. मी काय सांगू?”

या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे. प्रश्न वरून खाली येतो. सासूला तिच्या बहिणी, जावा, भिशीतल्या बायका विचारतात. तिच्याकडे उत्तर नसतं, म्हणून ती सुनेकडे बघते. आपण सासूला विचारणाऱ्यांतली समजतो, पण पुष्कळदा तीही आधी उत्तर देणाऱ्यांच्याच रांगेत उभी असते. तिला बोलायला एक वाक्य मिळालं तर ती ते आनंदाने वापरते. या बाईंना मुलाने वाक्य दिलं, “त्यांचं ते बघतायत, मी विचारत नाही.” त्यांनी ते इतक्या ठसक्यात म्हणायला सुरुवात केली, की पुढच्या वेळी धाकट्या मावशींनी विषयच काढला नाही.

सुनेसाठीही एकच वाक्य ठरलं. आम्ही ते माझ्या खोलीत मोठ्याने म्हणून पाहिलं. मी मामी झाले आणि जितकं खोचक बोलता येईल तितकं बोलले. पहिल्या वेळी ती रडली. दुसऱ्या वेळी खुलासा करत सुटली. चौथ्या-पाचव्या वेळेला वाक्य जिभेवर बसलं, “मामी, सांगण्यासारखं काही झालं की आम्हीच सांगू.” आणि लगेच दुसरा विषय, “बाळ रात्री झोपू देतं का?” पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच वाक्य, शब्दही तेच आणि आवाजही तोच. शब्द बदलले, की समोरच्याला वाटतं, आणखी थोडं खोदलं तर काही हाती लागेल. तिसऱ्यांदा विचारलं तर, “यावर मी नाही बोलणार हं, मामी,” असं म्हणून उठायचं. आपल्या घरांत उठून जायला एक सर्वमान्य सबब असते, “जरा आत काय हवं-नको बघते.” तिला कुणी हरकत घेत नाही. स्वयंपाकघरात कोण आहे ते मात्र आधी बघून ठेवावं. मोठ्या जाऊबाईंना विश्वासात घेऊन ठेवलं होतं, त्यामुळे हिला आत येताना पाहिलं, की त्या हातात कोशिंबिरीचं पातेलं देत.

वाक्य पाठ असलं तरी पोटात तुटतंच. त्यासाठी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मी वापरते. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस घटनेपेक्षा घटनेबद्दलच्या आपल्या हट्टाने जास्त पोळतो. ‘त्यांनी विचारताच कामा नये’ हा हट्ट धरून गेलं, की पहिल्याच प्रश्नाला संताप उसळतो. ‘न विचारतील तर बरं, विचारलं तर वाईट वाटेल, पण मला सोसेल’ असं म्हणून गेलं तर वाईट वाटतं, पण माणूस कोलमडत नाही. यात मामी बरोबर ठरत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं. आणि चाचणीचा निकाल आठवड्यावर आला असेल तर बारशाला, डोहाळेजेवणाला जाऊच नये. अहेर पाठवावा. हा पळपुटेपणा नाही.

मूल नकोच असं ठरवलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना सहानुभूतीची गरज नसते, पण ‘म्हातारपणी कोण बघणार’ हे ऐकावं लागतं. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आणि मालतीबाईंनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. अशांनाही वाक्य तेच लागतं, फक्त आणखी छोटं, “आमचं ठरलंय.” कारणं सांगायला गेलात तर वाद होतो, आणि पंगतीत वाद जिंकता येत नाही.

या उपायांना मर्यादा आहे. सवयीने विचारणारे आणि काळजीने विचारणारे, दोघेही दोन-तीन कार्यक्रमांत थांबतात. टोचण्यासाठीच विचारणारा थांबत नाही. तो ओळखायची खूण म्हणजे तो प्रश्न नेहमी चारचौघांतच विचारतो, एकटा भेटला की विचारत नाही. त्याच्याशी संबंध कमी करणं एवढंच हातात असतं. आणि घरातच रोज टोमणे असतील, ओटी भरायला पुढे येऊ देत नसतील, दुसऱ्या लग्नाची भाषा होत असेल तर तो पाहुण्यांचा आगाऊपणा राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात, मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून केलेला अपमान आणि हेटाळणी ही हिंसा म्हणून स्पष्ट शब्दांत नमूद आहे. त्यासाठी जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. हे कित्येक सुशिक्षित बायकांनाही माहीत नसतं.

नवरात्रात मामींनी विचारलंच. या वेळी भाच्याला, जेवणाच्या पानावर. त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, “मामी, तपासण्या झाल्यात. दोष माझ्यात आहे. हिला पुन्हा विचारू नका.” हे कागदावर ठरलेलं नव्हतं. मामी गडबडल्या, आणि मग त्यांनी त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. जोडप्याला अजून मूल झालेलं नाही.