विमानामागची बर्फाची रेघ

निरभ्र आकाशात विमानामागे उमटणारी पांढरी रेघ धुराची नसते, बर्फाची असते. एक किलो केरोसीन जळलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उणे 40 अंशांहून थंड हवेत ही वाफ काजळीच्या कणांवर थेंब धरते आणि लगेच गोठते. त्याला क्षणभर लागतो, म्हणून इंजिन आणि रेघ यांच्यात थोडी मोकळी जागा दिसते.

हवा कोरडी असेल तर रेघ लवकर विरते. दमट असेल तर ती तासन्‌तास पसरत चक्क ढग होते, आणि रात्री जमिनीची उष्णता अडवते.

कार्बन डायऑक्साइडखेरीज इंधनातल्या गंधकातून सल्फर डायऑक्साइड निघतो. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र बहुतांशी हवेतल्याच नायट्रोजनपासून, इंजिनाच्या प्रखर उष्णतेत बनतात.