अर्जाचा फोटो मोबाइलवर कसा काढाल?

बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात फोटो २० ते ५० केबीचा लागतो. मोबाइलचा फोटो मात्र काही एमबीचा असतो. सेल्फी टाळा. जवळून काढल्यास नाक मोठे दिसते. दुसऱ्या व्यक्तीला दीड-दोन मीटरवर उभे करून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगा. तोंड खिडकीकडे आणि पाठीमागे पांढरी भिंत असावी. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभे राहिल्यास मागे गडद सावली पडत नाही. आधी चेहरा व खांदे ठेवून फोटो क्रॉप करा, मग २०० बाय २३० पिक्सेल करा. पिक्सेल न घटवता फक्त केबी कमी केल्यास चेहऱ्यावर चौकोनी ठिपके दिसतात. फाइल २० केबीखाली गेल्यास क्वालिटी वाढवून पुन्हा सेव्ह करा.