डिग्री कुठल्या तापमानाला?

सकाळी साडेसहाला संगमेश्वर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागलेली असते. बहुतेकांचं दूध दोन-तीन लिटर, फार तर पाच. सचिव काचेच्या जारमध्ये दूध ओततो, त्यात लॅक्टोमीटर सोडतो आणि आकडा मोठ्याने सांगतो. मी गेलो त्या दिवशी एका काकूंच्या गाईच्या दुधाला साडेसत्तावीस आली. "काल अठ्ठावीसच्या वर होती, आज कशी उतरली? पाणी घातलं का काय मी?" काकूंचा आवाज चढला. सचिवाने वाद घातला नाही. त्याने दुधात थर्मामीटर बुडवला. पारा ३३ अंशांवर थांबला.

डिग्री म्हणजे दुधाच्या घनतेचे शेवटचे आकडे. पाण्याची घनता १.००० धरली तर गाईच्या दुधाची साधारण १.०२८ ते १.०३० येते. त्यातला पुढचा भाग सोडून उरलेला २८, २९, ३० हा आकडा काचेच्या दांडीवर कोरलेला किंवा आतल्या कागदावर छापलेला असतो. दूध दाट असेल तर लॅक्टोमीटर वर उचलला जातो, विरळ असेल तर खाली बुडतो. साखर, प्रथिनं, क्षार हे पाण्याहून जड. ते दुधाला दाट करतात. फॅट मात्र पाण्याहून हलकी, ती घनता कमी करते. म्हणजे डिग्री हा दोन विरुद्ध ओढींचा हिशेब आहे. हे लक्षात ठेवलं की पुढचे सगळे घोटाळे उलगडतात.

आता तापमान. दूध तापलं की पसरतं, पसरलं की विरळ होतं आणि लॅक्टोमीटर खाली जातो. कासेतून दूध निघतं तेव्हा ते ३८ अंशांच्या आसपास असतं. गोठा जवळ असेल तर केंद्रावर पोचेपर्यंत ते ३२-३४ वर येतं. थंडीत लांबच्या वाडीवरून चालत आलेलं दूध २७-२८ वरही आलेलं असतं. गाय तीच, चारा तोच, फक्त किटली किती लवकर पोचली यावर आकडा हलतो. म्हणून लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला जुळवलेला आहे ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. भारतीय मानकाचा लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सियसचा. जुने ६० फॅरनहाइटचे, म्हणजे साडेपंधरा अंशांचे असतात आणि काही ८४ फॅरनहाइटचेही सापडतात. दांडीवरचं हे बारीक अक्षर वाचल्याशिवाय दुरुस्ती करू नये, कारण चुकीच्या तापमानापासून मोजलेली दुरुस्ती न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट.

सचिवाचा लॅक्टोमीटर २७ चा होता. नियम सोपा: २७ च्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.२ मिळवायचे, खाली गेलं तर वजा करायचे. काकूंचं दूध सहा अंशांनी गरम, म्हणजे १.२ मिळवायचे. २७.५ चे झाले २८.७. याला दुरुस्त रीडिंग म्हणतात आणि पुढचं गणित यावरच करायचं असतं. फॅट ३.८ लागली होती. २७ अंशांच्या लॅक्टोमीटरसाठी वापरतात ते सूत्र असं:

एसएनएफ = (दुरुस्त रीडिंग ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४

२८.७ चा चौथा भाग ७.१८, त्यात फॅटचे ०.९५ आणि वरचे ०.४४. बेरीज ८.५७. तापमान न पाहता २७.५ वरूनच गणित केलं असतं तर ८.२७ आलं असतं. आपल्याकडे गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. एक थर्मामीटर बुडवला, तर काकूंचं दूध रेषेच्या वर राहिलं. न बुडवता ते खाली गेलं असतं आणि शिवाय पाण्याचा संशय अंगावर आला असता.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. ०.२ चा हिशेब जुळवलेल्या तापमानाच्या आसपास काही अंशच नीट चालतो, कारण दुधातली फॅट सगळ्या तापमानांना सारखी पसरत नाही. ती थंडीत घट्ट असते, वितळताना जास्त पसरते. ३३ अंशांच्या दुधात ६० फॅरनहाइटचा लॅक्टोमीटर सोडून तीस-एकतीस फॅरनहाइटची दुरुस्ती लावणं म्हणजे अंदाज. तिथे दूध थंड करून मग मोजणं हेच खरं.

दुसरी अडचण ताज्या दुधाची. धार काढल्याबरोबर दुधात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि फॅट अजून पातळ असते, त्यामुळे डिग्री कमी दिसते. पुढच्या काही तासांत ती आपोआप थोडी वर चढते. जर्मन संशोधक रेक्नागेल यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. तापमानाची दुरुस्ती तो भरून काढत नाही, कारण तापमान तेच राहिलं तरी दूध बदलत असतं. निदान अर्धा तास थांबून मोजलं तर फरक कमी होतो. प्रयोगशाळेत नमुना ४० अंशांपर्यंत तापवून काही मिनिटं ठेवतात, मग मोजायच्या तापमानाला आणतात, म्हणजे प्रत्येक नमुन्यातली फॅट एकाच अवस्थेत येते. रांग लागलेल्या केंद्रावर ते शक्य नाही, पण ज्याचा गोठा सर्वांत जवळ त्याच्यावर रोज संशय येऊ नये, एवढं तरी सचिवाला माहीत असावं.

हाताच्या चुकाही असतात. दूध आधी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून सारखं करावं, नाहीतर वरची साय जारमध्ये येते. जार भरताना दूध कडेने सोडावं, फेस नको. लॅक्टोमीटर जारच्या भिंतीला टेकता कामा नये; तो स्थिर झाला की दांडीला दूध वर चढलेलं असतं त्या वरच्या कडेवर वाचावं, कारण खालची कड दुधातून दिसत नाही. आतली कागदी पट्टी सरकलेली आहे का, हे कळायला एक सोपा उपाय: त्याच दुधात दुसरा लॅक्टोमीटर सोडून पाहायचा.

आणि आता ज्यासाठी लोक हे यंत्र विकत घेतात ते, पाणी. काकूंच्या २८.७ च्या दुधात शंभरात दहा भाग पाणी पडलं तर दुरुस्त डिग्री पावणेसव्वीसच्या आसपास येते. हे लगेच दिसतं. पण त्याच दुधातली थोडी साय काढून फॅट ३.८ वरून ३ वर आणली, तर हलकी फॅट गेल्याने डिग्री जवळजवळ तीसवर चढते, आणि मग शंभरात चार भाग पाणी घातलं की ती पुन्हा जवळजवळ पहिल्याच जागी. लॅक्टोमीटरला यातलं काहीच कळत नाही. फॅट तपासणी हा चोर पकडते, कारण फॅट दोन्ही वेळा खाली गेलेली असते. साखर किंवा मीठ घालून डिग्री उचललेली असेल तर त्यासाठी वेगळी रासायनिक चाचणी लागते.

याच्या उलट, डिग्री कमी म्हणजे पाणीच, असंही नाही. उन्हाळ्यात नुसत्या भाताच्या पेंढ्यावर राहिलेल्या गाईचं एसएनएफ उतरतं. कासदाह, म्हणजे दगडी झाली तर दुधातली साखर कमी होते आणि डिग्रीही. अशा जनावराच्या मालकाला चोर ठरवणं हा अन्याय आहे आणि आजार लांबला की नुकसान वाढतं.

एका घरच्या दुधाची डिग्री तीन-चार दिवस कमीच राहिली तेव्हा त्या केंद्राने एक गोष्ट केली, जी मला सर्वांत पटली. सचिव संध्याकाळी त्या घरच्या गोठ्यात गेला, समोर धार काढून घेतली, नमुना थंड होऊ दिला आणि त्याचं तापमान लिहून डिग्री घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केंद्रावर आलेल्या दुधाशी ती ताडून पाहिली. दोन्ही आकडे सारखे निघाले. पाण्याचा प्रश्न मिटला आणि त्याने गुरांच्या डॉक्टरांना फोन केला.