एक फोटो, एक वाक्य. पण ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’?

इंग्रजी चिठ्ठीसमोर मोबाईलचा कॅमेरा धरायचा आणि पडद्यावर मराठी वाचायचं, ही सोय आता अनेकींच्या हाताशी आहे. अक्षरं नीट ओळखली जातात, शब्दही बरोबर येतात. तरी वाचताना कुठेतरी खटकतं. कारण असं, की इंग्रजीत ‘यू’ हा एकच शब्द आहे. तो लेकराला चालतो, नवऱ्याला चालतो आणि कलेक्टरलाही चालतो. मराठीत मात्र समोर कोण आहे हे ठरल्याशिवाय क्रियापदच पुरं होत नाही. फोटोत फक्त अक्षरं येतात, माणसं येत नाहीत.

एक वाक्य घेऊन बघू या. समजा, शेवगावच्या एका घरात नगरच्या लॅबची चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलंय, ‘प्लीज ब्रिंग युवर मदर टुमॉरो, शी शुड नॉट ईट एनीथिंग बिफोर द टेस्ट.’ याचं मराठी तीन तऱ्हांनी होतं, आणि तिन्ही बरोबरच आहेत.

मित्राने मित्राला सांगावं तसं: ‘उद्या तुझ्या आईला घेऊन ये; तपासणीआधी तिने काही खाऊ नये.’

लॅबच्या माणसाने सांगावं तसं: ‘उद्या तुमच्या आईंना घेऊन या, तपासणीआधी त्यांनी काही खाऊ नये.’

छापील सूचनेसारखं: ‘उद्या आपल्या आईंना सोबत आणावे; तपासणीपूर्वी त्यांनी काही खाऊ नये.’

आता गंमत बघा. पहिल्या वाक्यात ‘तिने’ आहे, म्हणजे एक बाई, संशयच नको. मान दिला की ‘तिने’चं ‘त्यांनी’ होतं. पण ‘त्यांनी’ हे सासऱ्यांनाही चालतं आणि चार जणांनाही चालतं. मान वाढला, पण एकच बाई हा इंग्रजीतला अर्थ पुसट झाला. तिसऱ्या वाक्यातलं ‘आपल्या’ तर आणखी फसवं आहे. ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’, आणि ‘आपण’ म्हणजे ‘तू आणि मी’सुद्धा. ‘आपण काही खाऊ नये’ एवढीच ओळ वाचली, तर उपाशी राहायचं कुणी?

हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही. उपाशीपोटी साखर तपासायची तर निदान आठ तास काही खाल्लेलं चालत नाही, पाणी चालतं. सकाळी चहा-बिस्किट झालं, तर तो आकडा उपाशीपोटीचा राहत नाही आणि नगरची खेप पुन्हा करावी लागते.

कॅमेऱ्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. चिठ्ठीवरची ओळ मध्येच तुटलेली असते. ‘शी’ वरच्या ओळीत राहिलं आणि फोटो फक्त खालच्या ओळीचा निघाला, तर हाती एवढंच लागतं: ‘तपासणीआधी काही खाऊ नये.’ मराठीत हे वाक्य कर्त्यावाचूनही सरळ वाटतं, म्हणून काही हरवलंय हे लक्षातच येत नाही. कधी एकाच चिठ्ठीत वर ‘घेऊन या’ आणि खाली ‘घेऊन ये’ असं दिसतं. असा ‘या’ आणि ‘ये’चा घोळ दिसला की समजावं, हे तुकड्या-तुकड्यांनी झालेलं भाषांतर आहे. मग पूर्ण चिठ्ठी चौकटीत येईल असा फोटो पुन्हा काढावा.

शेवटचं भाषांतर तर घरातच होतं. मुलगा ही चिठ्ठी वाचून म्हणेल, ‘आई, तू उद्या सकाळी काही खाऊ नकोस.’ सून तेच वाचून म्हणेल, ‘आई, तुम्ही उद्या सकाळी काही खाऊ नका.’ आई तीच, चिठ्ठीही तीच. मुलाच्या ‘तू’मध्ये अपमान नाही, आईला ‘तू’ म्हणणं ही आपल्याकडची मायेची रीत. तेच ‘तू’ सुनेच्या तोंडी आलं तर घर गप्प होईल. ‘आई आली’ आणि ‘आई आल्या’ यातलं नातं कुठल्याच फोटोत दिसत नाही.

म्हणून असा मजकूर कुणाला पुढे पाठवायचा असेल, तर दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे ‘तिने’, ‘त्यांनी’, ‘आपण’ या शब्दांच्या जागी सरळ नातं लिहावं: ‘आईंनी काही खाऊ नये.’ मानही राहतो आणि उपवास कुणाचा हेही कळतं. दुसरी म्हणजे ज्याला पाठवायचं त्याच्याशी आपण रोज जसं बोलतो, तसं क्रियापद करून घ्यावं: ये, या किंवा यावे. नातं ठाऊक नसेल तर ‘या’ बरं. ‘यावे’ सूचनेच्या फळ्यावर शोभतं. नणंदेला तसं लिहिलं तर ती विचारेल, ‘वहिनी, रागावलात की काय?’