“आमच्या दोन्ही घरांत असं कोणालाच नाही!”

“आमच्या दोन्ही घरांत असं कोणालाच नाही, मग बाळाला आनुवंशिक आजार कसा असेल?” हे वाक्य मी सतत ऐकतो. गावाकडच्या आजोबांकडून ऐकतो, तसंच इंजिनिअर झालेल्या बापाकडूनही. त्याच्या मागोमाग, जरा आवाज उतरवून, दुसरं वाक्य येतं: “सुनेच्या माहेरी काहीतरी असणार, लग्नाच्या वेळी लपवलं असेल.” पहिलं वाक्य शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. दुसरं त्याहून वाईट, कारण त्यापायी एका बाईला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागतात आणि ज्या नातेवाइकांची तपासणी व्हायला हवी ते दूरच राहतात.

एक साधी वंशावळ कागदावर काढू. कुटुंब नमुन्यादाखल घेतलेलं आहे, पण हिमोफिलियाच्या ओपीडीत अशी घरं नेहमी भेटतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. लग्न म्हणजे दोघांमधली आडवी रेघ, मुलं त्याखाली. आजार असेल तर आकृती काळी भरायची, व्यक्ती हयात नसेल तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची.

सगळ्यात खाली दहा महिन्यांचा मुलगा. रांगायला लागल्यापासून त्याच्या गुडघ्यांवर आणि पोटऱ्यांवर जांभळे गोळे येतात. एकदा ओठाला जरासं लागलं, तर रक्त दोन दिवस झिरपत राहिलं. तपासणीत एपीटीटी वाढलेली, पीटी नॉर्मल, आणि रक्त गोठवणारा फॅक्टर ८ एक टक्क्याहून कमी. निरोगी माणसात तो साधारण ५० ते १५० टक्के असतो. म्हणजे हा तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया ए. एक चौकोन काळा झाला. त्याची सात वर्षांची बहीण, आई, वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मावशी यांपैकी कोणालाच काही नाही. पहिल्या फेरीत वंशावळीत एकच काळी आकृती दिसते आणि घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो ना.

आता नेमके प्रश्न विचारायचे. आईला भाऊ किती? “एक होता, लहानपणीच गेला.” कशाने? “ओट्यावरून पडला, डोक्याला लागलं.” त्याआधी कधी रक्त थांबायला त्रास झाला होता? यावर आईची आई बोलू लागते: त्याचा दुधाचा दात पडला तेव्हा रात्रभर रक्त येत होतं, सकाळी उशी भिजलेली होती. इतकी वर्षं ही गोष्ट घरात ‘अपघात’ म्हणून सांगितली गेली. कोणी काही लपवलं नव्हतं. तो आजार होता हेच कोणाला माहीत नव्हतं. मामाचा चौकोन काळा भरायचा आणि त्यावर तिरकी रेघ मारायची.

या दोन काळ्या चौकोनांवर आनुवंशिकतेच्या तीन शक्यता तपासू. आधी प्रभावी आनुवंशिकता. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी आजार दिसतो, त्याला प्रभावी म्हणतात. इथे आजारी माणसाच्या आईला किंवा वडिलांना बहुधा तो आजार असतोच, आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. वंशावळीत काळ्या आकृत्या पिढी न चुकवता उतरतात, मुलगा-मुलगी भेद न करता. आपल्या वंशावळीत मामाचे आईवडील निरोगी आणि भाच्याचेही निरोगी. त्यामुळे ही शक्यता बसत नाही.

दुसरी शक्यता अप्रभावी आनुवंशिकतेची. यात दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार दिसतो. एकच बिघडलेली असेल तर माणूस वाहक असतो आणि बहुधा ठणठणीत असतो. थॅलेसेमिया आणि सिकल सेल याच गटातले. इथे ‘घराण्यात कोणालाच नाही’ हेच अपेक्षित चित्र आहे, कारण दोन निरोगी वाहक एकत्र आले की आजारी मूल पहिल्यांदाच दिसतं. मग आपलं कुटुंब या गटात बसतं का? बसवायचं तर मामासाठी आजी-आजोबा दोघंही वाहक हवेत, आणि भाच्यासाठी बाहेरून आलेला जावईही त्याच दुर्मीळ दोषाचा वाहक हवा. दोन पिढ्यांत दोनदा असा योग येणं अवघड. मात्र मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जी पद्धत आपल्याकडच्या अनेक समाजांत आहे, तसं लग्न इथे झालेलं असतं तर ही शक्यता एवढ्या सहज बाजूला सारता आली नसती. म्हणून नात्यातल्या लग्नाला वंशावळीत दुहेरी रेघ काढतात. इथे ती नाही.

उरली एक्स-संलग्न आनुवंशिकता. बाईला दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाला एक एक्स आणि एक वाय. फॅक्टर ८ चं जनुक एक्सवर असतं. बाईचा एक एक्स बिघडला तर दुसरा बरंचसं काम सांभाळून नेतो. पुरुषाकडे दुसरा नसतो. त्यामुळे आजार मुलांमध्ये दिसतो आणि पुढे जातो निरोगी दिसणाऱ्या बायकांमधून. आजी, तिचा मुलगा, तिची मुलगी, त्या मुलीचा मुलगा: आपली वंशावळ नेमकी अशीच आहे. या बाळाच्या आईचा भाऊही आजारी होता आणि मुलगाही, म्हणून ती वाहक आहे हे जनुक न तपासताही कळतं. तिच्या वर्तुळात ठिपका द्यायचा.

ही वाट ओळखण्याची पक्की खूण म्हणजे हा आजार बापाकडून मुलाकडे कधीच जात नाही. मुलाला बापाकडून वाय मिळतो, एक्स नाही. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड याला हिमोफिलिया होता. त्याचा मुलगा चार्ल्स एडवर्ड निरोगी होता, मुलगी ॲलिस वाहक होती, आणि ॲलिसचा मुलगा रूपर्ट याला हिमोफिलिया होता. तरीही ‘हा मुलगा मोठा झाला की त्याच्या मुलांनाही हेच होणार’ अशी भीती घरात असते. त्याच्या एकाही मुलाला त्याच्याकडून हा आजार मिळणार नाही. मुली मात्र सगळ्या वाहक असतील.

आता मावशीकडे या. तिला दोन निरोगी मुलगे आहेत आणि लग्नाला आलेली एक मुलगी. ती म्हणते, माझे दोन्ही मुलगे धडधाकट आहेत, म्हणजे मी सुटले. हिशेब करू. आजी वाहक, म्हणून मावशी वाहक असण्याची शक्यता मुळात निम्मी. अशा आठ मावश्या कल्पा: चार वाहक, चार नाहीत. वाहक बाईचा प्रत्येक मुलगा निरोगी असण्याची शक्यता निम्मी, म्हणून दोन्ही मुलगे निरोगी असलेली मावशी चार वाहकांत सरासरी एकच सापडेल. वाहक नसलेल्या चौघींचे मुलगे निरोगीच. म्हणजे दोन निरोगी मुलगे असलेल्या पाच मावश्यांपैकी एक वाहक. शक्यता निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली, शून्यावर नाही. तिच्या मुलीची शक्यता याच्या निम्मी, १० टक्के.

आणि मामाचा प्रसंग घडलाच नसता तर? वंशावळीत खरोखर एकच काळा चौकोन असता तर? तरीही ‘आनुवंशिक नाही’ हा निष्कर्ष चुकलाच असता. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधीचा कोणताच इतिहास सापडत नाही. याचं उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये दिलं; हे शास्त्रज्ञ पुढे १९५७ मध्ये भारतात राहायला आले. त्यांचा तर्क असा: समाजातले एकूण एक्स मोजले तर एक तृतीयांश पुरुषांत असतात. हिमोफिलियाचे रुग्ण त्या काळी मूल होण्याच्या वयापर्यंत क्वचितच जगत, म्हणजे प्रत्येक पिढीत बिघडलेल्या जनुकांचा साधारण एक तृतीयांश वाटा नाहीसा व्हायचा. तरीही आजार कमी होत नाही, म्हणजे तेवढेच नवे बिघाड दर पिढीत होत असले पाहिजेत. असा नवा बिघाड पुष्कळदा आईच्या वडिलांच्या शुक्रपेशीत झालेला असतो. आई वाहक बनते, पण तिच्या आधी घराण्यात कोणालाच तो नसतो. मग माहेरच्यांनी नेमकं काय लपवलं? आई-वडील आपली जनुकं निवडून देत नाहीत. थॅलेसेमियासारख्या आजारात तर निम्मा वाटा मुलाच्या बापाच्या घरूनच आलेला असतो, याची आठवण सासरच्या मंडळींना द्यावी लागते.

इतर गैरसमज थोडक्यात. ‘चारांत एक आजारी म्हणतात, आमचा एक झाला, आता तिघं सुटले’: नाही, दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता नव्याने असते. ‘गोत्र वेगळं, म्हणजे धोका नाही’: गोत्र बापाच्या बाजूने मोजतात, जनुकं दोन्हीकडून येतात. ‘नवरा-बायकोचा रक्तगट एक आहे, म्हणून मूल आजारी’: याचा काही संबंध नाही. ‘बायकांना हिमोफिलिया होत नाही’: काही वाहक स्त्रियांत फॅक्टर ४० टक्क्यांखाली असतो, त्यांना पाळीत अतिरक्तस्राव होतो आणि बाळंतपणानंतर धोका असतो. ‘प्रभावी गुण हळूहळू सगळीकडे पसरतो’: हा प्रश्न १९०८ मध्ये पनेट यांनी गणितज्ञ हार्डी यांच्यापुढे ठेवला, आणि केवळ प्रभावी असल्यामुळे गुण वाढत नाही हे हार्डी यांनी दोन-तीन ओळींच्या बीजगणिताने दाखवलं.

आता मावशीच्या मुलीचं लग्न ठरायचं आहे, तिला काय सांगायचं? फक्त फॅक्टर ८ तपासून ‘नॉर्मल आहे’ म्हणणं पुरेसं नाही, कारण वाहक बाईचा फॅक्टर पूर्ण नॉर्मलही येऊ शकतो. आधी आजारी बाळाच्या जनुकातला नेमका बिघाड शोधायचा. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत जनुकाचा एक मोठा तुकडा उलटलेला असतो, म्हणून तोच आधी पाहतात. बिघाड सापडला की तेवढाच मावशीत पाहायचा. तिच्यात नसेल तर तिच्या मुलीला वेगळी तपासणी लागत नाही, असेल तर मुलीची करायची. मुलगी वाहक निघाली तरी लग्नाला काहीच अडचण नाही. गरोदरपणात साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते, आणि ती नको असेल तरी बाळंतपण कुठे करायचं, बाळाला चिमटा किंवा व्हॅक्युम लावायचा नाही, जन्मताच नाळेतलं रक्त फॅक्टर तपासणीला पाठवायचं, हे सगळं आधी ठरवता येतं.