पोलिओची लस : थेंबही हवेत, सुईही हवी

२०१३ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या राहत या शहराच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. देशातल्या बहुतेक मुलांना पोलिओची लस मिळालेली होती आणि कसून शोध घेऊनही लुळं पडलेलं एकही मूल आढळलं नाही. तरीही सांडपाण्याच्या नमुन्यांत विषाणू महिनोन्महिने दिसत राहिला. म्हणजे तो मुलांच्या शौचावाटे बाहेर पडत होता आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरत होता. लस घेतलेल्या, धडधाकट मुलांच्या पोटात तो वाढत कसा होता?

उत्तर लशीच्या प्रकारात होतं. २००५ पासून इस्रायलमध्ये पोलिओची लस फक्त इंजेक्शनने दिली जात होती. या लशीतला विषाणू मेलेला असतो. तो दंडातून किंवा मांडीतून जवळच्या लसीका ग्रंथींत पोहोचतो आणि तिथे तयार झालेली प्रतिपिंडं मुख्यतः रक्तात फिरतात. पुढे खरा विषाणू रक्तात उतरला, तर ती त्याला मज्जारज्जूपर्यंत जाऊ देत नाहीत, म्हणून मूल लुळं पडत नाही. पण पोलिओचा विषाणू शिरतो तोंडावाटे आणि वाढतो आतड्यात. तिथे रक्तातल्या प्रतिपिंडांचा फारसा जोर चालत नाही.

आतड्याचा बंदोबस्त वेगळा असतो. लहान आतड्याच्या अस्तरात, विशेषतः शेवटच्या भागात, रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. त्यांना ‘पेयर्स पॅचेस’ म्हणतात. या पुंजक्यांवरच्या ‘एम’ पेशी आतड्यातून जाणाऱ्या मजकुराचे कण आणि जंतू उचलून आत देतात. तोंडावाटे दिलेल्या थेंबांत दुर्बळ केलेला पण जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो आणि याच वाटेने आतल्या बी-पेशींसमोर येतो. त्याला ओळखणाऱ्या बी-पेशी तिथेच आयजीए नावाचं प्रतिपिंड बनवायला शिकतात.

मग त्या प्रवासाला निघतात. आतड्याजवळच्या लसीका ग्रंथींतून रक्तात येतात आणि साधारण आठवडाभरात पुन्हा आतड्याच्याच अस्तरात परततात. पेयर्स पॅचेसमध्ये तयार होताना त्यांच्यावर परतीच्या पत्त्यासारखी एक खूण उमटलेली असते. मांडीतल्या इंजेक्शनमुळे तयार झालेल्या बहुतेक पेशींवर ती नसते. इस्रायलमधल्या मुलांच्या आतड्यात पहारा तोकडा पडला तो म्हणूनच.

परतलेल्या पेशी आयजीएचे दोन-दोन रेणू जोडून सोडतात. अस्तराच्या पेशी ही जोडी उचलून पलीकडे, आतड्याच्या पोकळीत पोहोचवतात आणि जाता जाता तिला प्रथिनाचा एक तुकडा चिकटवतात. त्यामुळे पाचकरसांत ती सहज विरघळत नाही. पोकळीत गेल्यावर आयजीए विषाणूला चिकटतं. मग विषाणूला पेशीत शिरता येत नाही, तो शौचावाटे निघून जातो आणि हे सगळं आतड्याला सूज न आणता घडतं. निरोगी प्रौढाचं शरीर रोज तीन ते पाच ग्रॅम आयजीए बनवतं. इतर सर्व प्रकारची प्रतिपिंडं मिळूनही एवढी भरत नाहीत. सर्दीपासून जुलाबापर्यंत नाका-तोंडावाटे येणाऱ्या कितीतरी जंतूंना असंच दारात अडवलं जातं.

इस्रायलने ऑगस्ट २०१३ मध्ये मुलांना थेंब द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी तिथला प्रसार थांबला.

मग सुई सोडून फक्त थेंबच का देत नाहीत? थेंबांनाही मर्यादा आहेत. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये अनेक मुलांना वारंवार डोस देऊनही पुरेसं संरक्षण मिळत नव्हतं. आतड्यात आधीच इतर विषाणूंचा संसर्ग असला, तर लशीतल्या विषाणूला तिथे नीट वाढता येत नाही. शिवाय आतड्यातली प्रतिकारशक्ती काळानुसार ओसरते. आणि थेंबांतला जिवंत विषाणू फार क्वचित बदलून पुन्हा घातक होऊ शकतो. लसीकरण अपुरं असलेल्या वस्तीत हा धोका वाढतो.

दोन्ही लशी एकमेकींना कशा पूरक ठरतात, हे मुरादाबादमधल्या अभ्यासात दिसलं. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मुलांनी आधी थेंब घेतले होते, त्यांना इंजेक्शन दिल्यावर आतड्याचा बचाव पुन्हा बळकट झाला आणि शौचातून विषाणू बाहेर पडण्याचं प्रमाण घटलं. थेंबांनी आतड्यातल्या पेशी आधी तयार केलेल्या असतील, तर सुई त्यांना पुन्हा जागं करू शकते. त्या मुळातच तयार नसतील, तर सुईचा हा उपयोग फार थोडा.

भारतात जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. तरीही सरकारी वेळापत्रकात जन्मतः, ६, १० आणि १४ आठवड्यांना थेंब आहेत, दीड वर्षाच्या आसपास आणखी एक डोस आहे, आणि ६ आठवडे, १४ आठवडे व ९ महिने या वयात इंजेक्शन आहे. बाळाला यातलं एक मिळालं म्हणून दुसरं टाळू नका. सुई त्याचे पाय वाचवते. थेंब शेजारच्या बाळापर्यंत विषाणू पोहोचू देत नाहीत.